मदत हवी आहे: भावाला रेटिनायटिस पिग्मेंटोसा, मामाच्या मुलीशी लग्नाची बोलणी. आधी कोणाची तपासणी?

कृष्णाकाठ
भाऊ 29 वर्षांचा. आजार डोळ्याच्या पडद्याचा. रात्री कमी दिसणं दहावीपासून आहे. समोरचं अजून नीट वाचतो (6/9), पण बाजूचं जवळजवळ गेलंय. दोन्ही डोळ्यांचं फिल्ड केंद्रापासून जेमतेम 8 अंश. आई-वडील नात्यातले नाहीत, घराण्यात हा आजार कोणालाच नाही. आता आईच्या सख्ख्या भावाच्या मुलीशी लग्नाची बोलणी सुरू आहेत. मामा 56 वर्षांचे, रात्रीसुद्धा बिनधास्त गाडी चालवतात. मुलीची जनुकीय तपासणी करावी का? शिवाय भाऊ घरात उघड्या कपाटावर, स्टुलावर सारखा आपटतो. त्याला काय करता येईल?

सदाफुली
घराण्यात कोणालाच नाही म्हणजे आनुवंशिक नसणार. उगाच मुलीच्या मनात भीती घालू नका. व्हिटॅमिन ए सुरू करा, त्याने थांबतं.

रावसाहेब_मिरज
आमच्या वडिलांचंही बाजूचं दिसणं असंच गेलं. काचबिंदू निघाला. थेंब वेळेवर घातले तर टिकतं. डोळ्याचं प्रेशर तपासलंत का?

पडदा_आणि_पेशी
रावसाहेब, काचबिंदूत मज्जातंतू जातो, इथे पडद्यातल्या पेशी मरतात. प्रेशरचे थेंब इथे उपयोगाचे नाहीत.

सदाफुली, घराण्यात एकच रुग्ण असणं हे या आजारात नेहमीचंच. आई आणि वडील दोघांकडे त्या जनुकाची एकेक सदोष प्रत असली तरी दोघांना चांगलं दिसतं. व्हिटॅमिन एच्या मोठ्या मात्रेने आजार थांबत नाही. ABCA4 जनुकात दोष असेल तर ती टाळायलाच सांगतात.

ताई, मुलीची तपासणी आत्ता नको. कोणत्या जनुकात शोधायचं हेच माहीत नसताना तिच्या रिपोर्टवरून काही ठरणार नाही. आधी भावाची, मग आई-वडिलांची, आणि मुलीची शेवटी.

दोष दोन्ही बाजूंनी आला असेल तर हिशेब असा: आईकडे एक सदोष प्रत नक्की. ती मामांकडे असण्याची शक्यता निम्मी, त्यांच्या मुलीकडे चारात एक. तिच्याकडे असेल तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी. म्हणजे तपासणीआधी आठात एक. आईकडचा दोष सापडला आणि तो मुलीत नसेल, तर हा आकडा एकदम खाली येतो. तरी तिच्या त्या जनुकाची पूर्ण तपासणी करावी, कारण वेगळा दोष तिच्या आईकडूनही आलेला असू शकतो.

कृष्णाकाठ
आणि आईकडूनच एक्स गुणसूत्रावरून आला असेल तर?

पडदा_आणि_पेशी
मग चित्र पालटतं. मामांना रात्री व्यवस्थित दिसतं, म्हणजे तो दोष त्यांच्याकडे नाही, आणि त्यांच्या मुलीला त्यांच्याकडून येणार नाही. भावाच्या मुलग्यांना तो जात नाही, पण प्रत्येक मुलगी वाहक होते. प्रश्न मग तुमचाही आहे. तुम्ही त्याची सख्खी बहीण असाल तर वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि तसं असेल तर तुमच्या प्रत्येक मुलग्याला निम्मा धोका. आईची बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगा. वाहक बायकांच्या पडद्यावर कधीकधी खुणा दिसतात.

एक्स गुणसूत्रावरच्या RPGR जनुकाचा ORF15 हा तुकडा सगळी जनुकं एकदम वाचणाऱ्या साध्या एक्झोम तपासणीत नीट वाचला जात नाही. त्यामुळे ‘काही सापडलं नाही’ असा रिपोर्ट आला तर तो तुकडा वेगळा तपासलाय का, हे लॅबला विचारा. रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असेल तर त्यावर लग्नाचा निर्णय घेऊ नका.

चाचपणी
घरातल्याबद्दल. कपाटाचं दार पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडं, अर्धवट कधीच नाही. अर्ध्या उघड्या दाराची कड नेमकी त्याच्या नजरेच्या बाहेर येते. स्टूल, बादली, चपला यांच्या जागा ठरवा. पायरीच्या कडेला रंगाने उठून दिसणारी पट्टी लावा. पायरी पूर्ण रंगवली तर कड हरवते.

पांढरी काठी आत्ताच शिकावी, समोरचं दिसतंय तोवर. लांबी साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत. लोक ‘वाचता येतं मग काठी कशाला’ म्हणतील, पण धडक वाचण्यातून होत नाही, गुडघ्याच्या उंचीवर होते.

फिल्ड दरवर्षी केंद्रापासून 10 अंश मोजणाऱ्या 10-2 वर काढा, शक्यतो त्याच मशीनवर. दिव्यांग प्रमाणपत्राला मात्र 30 अंशांपर्यंत मोजणारी 30-2 मागतात, कारण 10-2 मध्ये पलीकडचं काही दिसतच नाही. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात 40 अंशांहून कमी ते 10 अंशांपर्यंतचं फिल्ड अल्पदृष्टीत धरलंय. तुमचे 8 अंश त्रिज्या आहे, व्यास 16. बोर्डापुढे ते स्पष्ट लिहून घ्या.

पडदा_आणि_पेशी
एक राहिलं. समोरचं अचानक धूसर झालं तर ‘आजार वाढला’ म्हणून घरी बसू नका. मोतीबिंदू किंवा पडद्याच्या मधल्या भागाची सूज असू शकते, दोन्हींवर उपाय आहेत. आणि भावाला नीट ऐकू येतं का? ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, त्यावर तपासायच्या जनुकांची यादी बदलते.

कृष्णाकाठ
ऐकायला थोडं कमी येतं, असं आई म्हणते. आम्ही ते गर्दीमुळे समजत होतो. ऑडिओमेट्री आधी करतो. मामांना मात्र काय आणि कधी सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.