मदत हवी आहे: गुरूच्या महादशेत मस्कतहून गावी परतावे का?

आदरणीय गुरुजींस सादर प्रणाम.

मस्कतमधील माझा नोकरीचा करार ऑगस्ट २०२६ मध्ये संपत असून, नूतनीकरण केल्यास पुढील दोन वर्षे येथेच राहावे लागेल. आपण मांडलेल्या पत्रिकेत मिथुन लग्न, कृत्तिका नक्षत्राचे दुसरे चरण आणि दशमात मीनेचे गुरु-राहू आहेत. चित्रापक्षीय अयनांशाने राहूची महादशा डिसेंबर २०२६ मध्ये संपते. रमण अयनांशाने गणित केले, तर ती सात-आठ महिने आधीच संपते. म्हणजे एका गणिताने मी राहूतील मंगळाच्या अंतर्दशेत परतेन, दुसऱ्याने गुरूच्या महादशेत, आणि माझी अडचण नेमकी हीच आहे. जन्मवेळ रुग्णालयाच्या नोंदीतील असल्याने तिच्याविषयी शंका नाही.

स्वराशीचा गुरु दशमातून चतुर्थ स्थान पाहतो, हे घरी परतण्यास अनुकूल वाटते. परंतु मिथुन लग्नाला तो केंद्राधिपती आणि बाधकेशही आहे, शिवाय राहूयुक्त आहे. जून २०२७ मध्ये शनी मेषेत गेल्यावर वृषभ राशीला साडेसाती लागेल, हेही मनात आहे. करार मध्येच मोडता येणार नाही आणि रत्न किंवा शांतीविषयी सध्या विचारायचे नाही.

तरी कोणते अयनांश ग्राह्य धरावेत, आणि ऑगस्टमध्येच परतावे की नूतनीकरण करून गुरूतील शनीच्या अंतर्दशेची वाट पाहावी?