अनुभव धागा: नुसतीच चार्ज करणारी डेटा केबल आणि दुकानदाराला पत्र

भुसावळच्या एका दुकानातून डेटा केबल म्हणून घेतलेल्या केबलने फोन चार्ज होतो, पण संगणकाला फोन दिसत नाही. बदलून मागायला एवढंच पत्र तयार आहे: "तुमची केबल खराब आहे, चालत नाही, बदलून द्यावी." अशी पत्रं लिहिलेल्यांनी आणि गल्ल्यावर घेतलेल्यांनी यात काय हवं ते सांगावं.

धुळ्याचा दुकानदार: "चालत नाही" लिहू नका. गिऱ्हाईक असं म्हणालं की आम्ही केबल चार्जरला लावतो, बॅटरीवर विजेचं चिन्ह येतं आणि विषय संपतो. काय होतं आणि काय होत नाही, हे वेगवेगळं लिहा. पहिला संशय फोनवरच असतो, कारण अँड्रॉइड फोन संगणकाला जोडला तरी आधी फक्त चार्जच होतो. कुलूप उघडून, वरची पट्टी खाली ओढून File transfer निवडावं लागतं. केबलमधून डेटा जातच नसेल तर तो पर्याय येत नाही किंवा निवडता येत नाही. पत्रात हे वाक्य असलं की मला पुन्हा विचारावं लागत नाही.

अमळनेरकर: केबल मधोमध कापून बघा. चार तारा हव्यात: लाल, काळी, हिरवी, पांढरी. लाल आणि काळी अशा दोनच निघाल्या तर ती चार्जिंगची. पुरावा हातात!

चाळीसगाव, मोबाइल दुरुस्ती: तारांचं बरोबर आहे, पण कापू नका भो! कापलेली केबल कोणीच परत घेणार नाही. त्याऐवजी संगणकात जाणाऱ्या चपट्या टोकात डोकावून बघा. तिथे चार पट्ट्या असतात, कडेच्या दोन विजेच्या आणि मधल्या दोन डेटाच्या. मधल्या दोन नसतील तर निकाल तिथेच लागला. पण असल्या म्हणून केबल चांगली ठरत नाही, आत तार जोडलेलीच नसू शकते.

आणखी एक खूण पत्रात घाला. जोडल्यावर विंडोजने आवाजही केला नाही, संदेशही दिला नाही, तर डेटाच्या तारा बहुधा नाहीतच. "USB device not recognized" आलं तर संगणकापर्यंत काहीतरी पोचतंय, पण नीट नाही. मग तार किंवा सांधा खराब असेल, नाहीतर फोनच्या खाचेत खिशातला कापूस बसला असेल. म्हणून त्याच फोनला, संगणकाच्या त्याच खाचेत दुसरी केबल लावून फाइल जाते का बघा. ही तुलना नसेल तर बाकीचं पत्र लंगडं.

नंदुरबारहून: माझी केबल चार्जच फार हळू करते. तिच्यासाठी हेच पत्र चालेल का?

चाळीसगाव, मोबाइल दुरुस्ती: नाही ताई, तो प्रश्न वेगळा. त्यात आधी चार्जर बदलून बघा.

जळगाव, ग्राहक चळवळ: वेष्टनावर काय छापलंय? "डेटा" शब्द असेल तर तो पत्रात जसाच्या तसा उतरवा, सगळी मागणी त्यावर उभी आहे. नुसतं "चार्जिंग केबल" असेल तर वरचे पैसे देऊन दुसरी मागा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेण्यासाठी बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरले आहेत. पहिल्या पत्रात मात्र कायदा नको, तारीख पुरे. नकार आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

धुळ्याचा दुकानदार: वेष्टन सोबत आणाच. मलाही ती ठोकवाल्याला परत करायची असते, सुटी केबल तो घेत नाही. पण तोंडी "डेटाची द्या" म्हटलं आणि वेष्टनावर तसं नसेल, तर मी बांधील नाही.

जळगाव, ग्राहक चळवळ: तिथे माझं मत वेगळं आहे. गिऱ्हाइकाने काम सांगितलं आणि तुम्ही वस्तू निवडून दिली, तर जबाबदारी तुमचीही. सिद्ध करणं अवघड, हे मान्य.

धागाकर्ता: सगळ्यांचं धरून पत्र असं झालं:

"मा. दुकानमालक, स.न.वि.वि.
विषय: डेटा केबल बदलून मिळण्याबाबत.
ता. ४ रोजी आपल्याकडून १५० रुपयांना केबल घेतली. वेष्टनावर 'चार्जिंग व डेटा' छापले आहे. केबलने फोन चार्ज होतो, पण संगणकाला जोडल्यावर आवाज वा संदेश येत नाही आणि फोनमध्ये File transfer निवडता येत नाही. त्याच फोनला, त्याच संगणकावर दुसऱ्या केबलने फाइल जाते. केबल कापलेली वा वाकलेली नाही. आपल्या संगणकावर तपासून, डेटा जाणारी केबल बदलून द्यावी. ती नसल्यास रक्कम परत करावी. सोबत केबल, वेष्टन व बिलाची प्रत."

नंदुरबारहून: आणि बिलच नसेल तर?

चाळीसगाव, मोबाइल दुरुस्ती: फोनवरून पैसे दिले असतील तर त्या नोंदीची छापील प्रत जोडा. तिच्यात तारीख आणि रक्कम दिसते, वस्तू दिसत नाही. रोख दिले असतील तर दुकानदाराच्या आठवणीवर आहे.