पावतीच्या फोटोत आकडा बदललेला तुम्ही कसा ओळखलात? अनुभव सांगा

हिशोबाची वही
नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात अकाउंट बघते. आमची सेल्सची पोरं विजापूर, गुलबर्गा, लातूर फिरतात आणि पेट्रोलच्या स्लिपा व्हॉट्सअपवर टाकतात. कागद मागितला की "मॅडम भिजला, मॅडम हरवला". परवा एक स्लिप आली, बघितल्या बघितल्या काहीतरी खटकलं पण नेमकं काय ते सांगता येईना. वरचं नाव-गाव झाकून फक्त तीन ओळी इथं देते:

```
RATE   : 00104.50
VOLUME : 00014.35
AMOUNT : 01500.00
```

गुणाकार करून बघितला, 1499.575 येतो, म्हणजे पैशांचा फरक सोडला तर बरोबर. मग खटकलं काय? फोटो पण खाली टाकलाय. तुमच्याकडं असं काही झालं असेल तर सांगा, कसं पकडलं तेही सांगा.

चाटी गल्ली
सोप्पंय ताई. फॉन्ट बघायचा. एका पावतीत दोन फॉन्ट दिसले की समजायचं गडबड आहे, दुसरं काही बघायचीच गरज नाही. आमच्या दुकानात एकानं परतीच्या मालाची पावती आणली होती, टोटलमधला 7 बारीक आणि बाकीचे आकडे जाड, तिथंच धरला.

रोल संपला
चाटी गल्लीवाले भाऊ, अर्धं बरोबर आहे तुमचं. मी नवी पेठेत बिलिंग मशीन आणि थर्मल प्रिंटर दुरुस्त करतो. टोटलची ओळ मुद्दाम जाड नाहीतर दुप्पट उंचीची छापायची सोय प्रिंटरमधेच असते, त्यामुळं ओळ वेगळी दिसली म्हणून लगेच कुणाला चोर म्हणू नका. एकाच ओळीतला एकच आकडा वेगळा दिसला तर मात्र थांबायचं.

आता ताईंच्या स्लिपचं. थर्मल प्रिंटर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देतो, 1 असो नाहीतर 8. दोन इंची रोलवर साधारण 32 अक्षरं बसतात एका ओळीत. म्हणजे वरच्या ओळीतल्या आकड्याच्या बरोबर खाली खालच्या ओळीतला आकडा यायलाच पाहिजे, चौकटीच्या वहीत लिहिल्यासारखा. फोटो झूम करून दशांश टिंबावर एक कागदाची सरळ कड उभी धरा, तिन्ही टिंबं एका रेषेत येतात का बघा. मग तसंच एकेक आकडा. तुमच्या फोटोत AMOUNT मधला 1 त्याच्या घरात मधोमध नाहीये, थोडा उजवीकडं सरकलाय आणि शेजारच्या 5 पेक्षा किंचित वर बसलाय.

हिशोबाची वही
हो की! कड धरल्यावर दिसलं. पण इतकं थोडं सरकणं फोटोमुळं पण होऊ शकतं ना?

फिरस्ता एमएच 13
तेच म्हणायलोय मी. मी स्वतः सेल्समधे आहे. माझी खरीखुरी स्लिप ऑफिसनं परत पाठवली, का तर म्हणे आकडे वाकडे दिसालेत. अहो खिशातला कागद आहे, गुंडाळी होतोच, गाडीच्या टाकीवर ठेवून फोटो काढला तर सरळ कसा येईल? तुम्ही अकाउंटवाले आधी आम्हाला चोर ठरवता आणि मग पुरावा शोधता.

रोल संपला
दादा तुमचं म्हणणं खरंय. पण कागद वाकला तर अख्खी ओळ वाकते, आणि तिच्या वरची-खालची ओळ पण तिच्याबरोबर तशीच वाकते. कागद वाकून एकटा आकडा उडी मारत नाही.

तरी सरकण्यावर मी पण भरवसा ठेवणार नाही, कारण ताईंच्या फोटोत त्याहून पक्की गोष्ट आहे. दशांश टिंबानंतरच्या पहिल्या आकड्यातून वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी रेघ गेलीय बघा, पंपाचं नाव छापलंय तिथून सुरू होते. प्रिंटरच्या हेडवरचा एक ठिपका जळाला की अशी रेघ येते. तो ठिपका तापतच नाही, मग कागद पुढं सरकत जातो तशी तेवढी जागा कोरी राहत जाते. आमच्याकडं रोज येतात असली मशीनं, पंपवाले हेड बदलायला पैसे काढत नाहीत, वाचता येतंय ना मग चालू द्या म्हणतात.

आता ओळीनं बघा. RATE मधला टिंबानंतरचा 5 त्या रेघेनं कापलाय. AMOUNT मधला टिंबानंतरचा 0 पण कापलाय. मधल्या VOLUME मधला 3 मात्र अख्खा! आणि त्याच्या शेजारचा शेवटचा 5, जिथून रेघ जातच नाही, तो कापलेला आहे. म्हणजे हा 5 वरच्या RATE मधून उचलून खाली चिकटवला, आणि येताना रेघ पण घेऊन आला. 3 कुठून तरी दुसरीकडून आणलाय, फोन नंबरातून वगैरे.

हिशोबाची वही
बाप रे. म्हणजे आधी काय असेल?

रोल संपला
पाचशेचं पेट्रोल. 500 भागिले 104.50 म्हणजे 4.78 लिटर. 00004.78 चं 00014.35 केलं, 00500.00 चं 01500.00 केलं. गुणाकार जमावा म्हणून लिटर पण बदलले, डोकं आहे पोराला. RATE चा 1, लिटरचा 1 आणि रकमेचा 1 हे तिन्ही मोठे करून शेजारी शेजारी ठेवा. छापताना 1 सारखाच असला तरी फोटोत प्रकाश, कागदाचा दाणा यामुळं दोन 1 कधीच हुबेहूब येत नाहीत. इथं तिघांच्याही पायाशी तोच ठिपका दिसतोय.

होटगी रोड
एवढं कशाला, गाडी कुठली विचारा. स्प्लेंडरची टाकी 9.8 लिटरची असते, त्यात 14.35 काय डब्यानं ओतलं का 😂

हिशोबाची वही
स्प्लेंडरच आहे.

शेंगाचटणी घरगुती
आमच्याकडं पण असाच अनुभव. मी चटणी आणि कडक भाकरी विकते, गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल होता तेव्हा एकानं पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवला आणि पिशवी घेऊन गेला. नंतर लेकानं बघितलं तर 1550 च्या मधे स्वल्पविराम नाही, त्या ॲपमधे हजाराच्या पुढं 1,550 असं येतं. 550 च्या आधी नुसता 1 लावलेला. तेव्हापासून मी स्क्रीनशॉट बघतच नाही, माझ्या खात्यात पैसे दिसले की पिशवी देते.

रोल संपला
काकू, स्वल्पविरामाचं भारी पकडलं लेकानं. पण ताईंचा प्रश्न कागदाच्या स्लिपचा आहे. स्क्रीनशॉटमधे घरांचा हिशोब लागत नाही, तिथं बऱ्याच फॉन्टमधे 1 ला जागा कमी असते. शिवाय फोनची थीम बदलली तर खरा स्क्रीनशॉट पण विचित्र दिसतो.

चाटी गल्ली
आकड्यामागचा कागद बघायचा का? माझ्या भाच्यानं सांगितलं की चिकटवलेल्या आकड्यामागं एकदम गुळगुळीत दिसतं आणि खऱ्या आकड्याभोवती बारीक बुरबुर असते.

रोल संपला
असते, पण व्हॉट्सअपवर फोटो पाठवला की तो परत दाबला जातो आणि सगळीकडंच बुरबुर येते. स्कॅनरचं ॲप वापरलं तर उलटं, सगळाच कागद पांढराशुभ्र. म्हणून पोरांना सांगायचं, साधा फोटो काढा आणि फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तरी मी आधी घरं आणि पांढरी रेघच बघेन.

फिरस्ता एमएच 13
आणि ज्या पंपाचा प्रिंटर धड आहे, रेघच नाही, तिथं काय करणार? शिवाय हजार-दोन हजारात छोटा प्रिंटर मिळतो, कुणी घरीच अख्खी स्लिप छापली तर?

रोल संपला
मग फोटोत काहीच सापडणार नाही. तिथं पंपावर स्लिपचा नंबर आणि वेळ सांगून विचारावं लागेल, ते सांगतील का नाही हे पंपावर आहे.

हिशोबाची वही
उद्या मालकांना दाखवते. त्या पोराच्या जुन्या स्लिपा पण काढते, त्याच पंपाच्या असतील तर सगळ्यांवर तीच रेघ पाहिजे ना?

रोल संपला
तो ठिपका तेव्हाच जळालेला असेल आणि मधे हेड बदललं नसेल तर, हो. जुन्यावर पण त्याच जागी येईल. पण नवीन ठिपके जळत जातात, त्यामुळं रेघा वाढलेल्या दिसल्या तर त्यावरून संशय घेऊ नका.

होटगी रोड
एक विचारायचं होतं. माझी स्लिप फिकट झाली म्हणून पंपावरच्या पोरानंच बॉलपेननं आकडे गिरवून दिले. ती ऑफिसात चालेल का?

चाटी गल्ली
आमच्याकडं नाय चालणार.

हिशोबाची वही
मी घेईन, पण गिरवायच्या आधीचा फोटो असेल तरच.