मदत हवी आहे: प्रिंट करायच्या प्लॅनरचं वर्णन कसं लिहू? (फाइल आणि वापराच्या अटी)

कागदपेन:
मराठीत साप्ताहिक प्लॅनर बनवलाय. फक्त पीडीएफ, किंमत 149 रुपये. पैसे आले की मेलवर लिंक जाते. तारखा छापलेल्या नाहीत, म्हणून पानं 12च आहेत: आठवड्याची दोन, महिन्याच्या घरखर्चाची दोन, बाकी किराणा यादी, दूध-पेपर आणि मावशींचे खाडे वगैरे. लागेल ते पान पुन्हा पुन्हा छापायचं.

सध्याचं वर्णन असं आहे: "सुंदर मराठी प्लॅनर! वर्षभर वापरा. त्वरित डाउनलोड. हाय क्वालिटी पीडीएफ. फक्त वैयक्तिक वापरासाठी."

एका ताईंनी विचारलं, कुरिअर कधी येणार? एकांना वर्षभराचा म्हणून 365 पानं हवी होती. न्यू जर्सीच्या एका बाईंची तळाची ओळ कापली गेली. आणि एकांनी फोटो पाठवला, त्यात "किराणा" मधली वेलांटी अक्षरापासून सुटून भलतीकडे गेलीय. वरून एका सोसायटीच्या ग्रुपवर फाइल फिरतेय असंही कळलं. वर्णनात काय लिहू म्हणजे हे थांबेल? आणि अटी जरा मऊ भाषेत कशा लिहायच्या?

वाडेकरीण:
छान दिसतोय! मला जाड कागदाची, स्पायरलवाली पाठवाल का? पत्ता व्यनि करते.

कागदपेन:
ताई, छापील नाहीये हो 🙂 फाइल आहे, छापायची आपली आपण.

वाडेकरीण:
अगं बाई. मग ते वरतीच लिही ना मोठ्ठं.

अक्षरजुळारी:
वाडेकरीण ताईंनी अर्धं उत्तर देऊनच टाकलं. पहिलं वाक्य "सुंदर" नको, "ही छापील वही नाही, घरी काही येणार नाही" हे हवं. फोटोत स्पायरल वही दाखवली असेल तर त्या फोटोवरच "फक्त पीडीएफ" लिही. लोक फोटो बघतात, खालचा मजकूर नंतर.

365 पानांचं उत्तर म्हणजे हिशोब मांडून दाखवणं. आठवड्याची दोन पानं पाठपोट छापली की आठवड्याला एक कागद, म्हणजे वर्षाला 52. घरखर्चाची दोन पानंही पाठपोट, महिन्याला एक, म्हणजे 12. एकूण 64 कागद, किराण्याचे वेगळे. हे वाचून गिऱ्हाईक छपाईचा खर्चही आधीच धरतं. नाहीतर 149 मध्ये सगळं मिळालं असं समजून दुकानात जातं आणि राग तुझ्यावर काढतं.

न्यू जर्सीचं कारण कागद. तिकडे लेटर आकार चालतो, 216 बाय 279 मिमी. आपला ए4 210 बाय 297. म्हणजे त्यांचा कागद 18 मिमीने बुटका. `Actual size` वर छापलं की वर-खाली मिळून तेवढं कापलं जातं. `Fit` निवडलं तर सगळं पान 94 टक्क्यांवर येतं, काही कापलं जात नाही, पण चौकोन बारीक होतात. लेटरची वेगळी फाइल करून दे, आणि नावातच कळू दे:

```
planner_A4.pdf
planner_Letter.pdf
```

सुटलेल्या वेलांटीचं आता. छपाईच्या दुकानदाराने पीडीएफ कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढली असणार. तिथे तो मजकूर पुन्हा एडिट करण्यासारखा उघडतो, आणि तुझा फॉन्ट त्याच्या मशिनवर नसला तर देवनागरीची जोडणी सुटते. इंग्रजीत हे इतकं जाणवत नाही, म्हणून बाहेरच्या नमुन्यांवरून वर्णन उचललं तर हा मुद्दा त्यात सापडणार नाही. आधी तुझी फाइल तपास: अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये Ctrl+D, मग `Fonts`. प्रत्येक नावापुढे `Embedded` किंवा `Embedded Subset` दिसायला हवं. तरी धास्ती असेल तर निर्यात करण्यापूर्वी मजकुराचे आउटलाइन कर. मग तो फॉन्टच राहत नाही, नुसता आकार उरतो.

एक राहिलं. स्पायरलसाठी समास सोडलायस का, आणि मागच्या पानावर तो उजवीकडे आहे का?

कागदपेन:
हो, 15 मिमी. पुढच्या पानावर डावीकडे, मागच्यावर उजवीकडे.

अक्षरजुळारी:
मग "पाठपोट छापा, `Flip on long edge`" हे लिहायलाच हवं. एकाच बाजूला छापणाऱ्याच्या निम्म्या पानांचा समास चुकीच्या बाजूला जाईल आणि भोकं थेट सोमवारच्या रकान्यात पडतील.

बिनपगारी:
शेअरिंगचं सोपं आहे. पीडीएफला पासवर्ड लावा. विषय संपला.

अक्षरजुळारी:
निम्मंच बरोबर. चुकून भलत्याच्या हाती लिंक गेली तर पासवर्ड कामाचा. पण ज्याने विकत घेतली त्याला तो माहीतच असतो, फाइलच्या खालीच टाइप करून पुढे ढकलतो. शिवाय दुकानात पासवर्ड सांगताना लोक वैतागतात. त्यापेक्षा तळाशी बारीक अक्षरात विकत घेणाऱ्याचं नाव टाक. आपलं नाव असलेली फाइल लोक सहसा ग्रुपवर टाकत नाहीत. अर्थात विक्री वाढली की प्रत्येकाला हाताने नाव टाकून पाठवणं जमणार नाही, तेही खरं.

बिनपगारी:
आणि कॉपीराइटची नोंदणी केल्याशिवाय कोणाला काही म्हणताच येत नाही.

अक्षरजुळारी:
तसं नाहीये. 1957च्या कायद्यात हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी ऐच्छिक आहे, पुरावा म्हणून उपयोगी पडते. मात्र "आठवड्याचे सात रकाने" ही कल्पना कोणाचीच नाही. तुझी मांडणी आणि चित्रं तुझी.

फळाखडू:
मी घरी क्लास घेते. किराण्याचं पान सोडून बाकी 35 मुलांना छापून देऊ शकते का? "वैयक्तिक" म्हणजे माझाच क्लास ना? पैसे मी भरलेत.

कागदपेन:
बघा, हेच! याचं उत्तर मलाच नीट माहीत नाही. कालच्या एका मेलमध्येही हाच प्रश्न होता.

अक्षरजुळारी:
म्हणून "वैयक्तिक" हा एकटा शब्द पुरत नाही. काय चालेल ते आधी, काय नाही ते नंतर. वाचणाऱ्याला घाबरल्यासारखंही वाटत नाही. मी असं लिहीन:

"ही पीडीएफ फाइल आहे, छापील वही नाही. 12 पानं, ए4 आणि लेटर अशा दोन फाइल. तारखा नसल्याने कितीही वर्षं वापरा. वर्षभरासाठी साधारण 64 कागद लागतील, छपाई तुमची. पाठपोट छापा, `Flip on long edge` निवडा. दुकानात सांगा: फाइल रीडरमध्ये उघडून थेट छापा, कोरलमध्ये घेऊ नका.
स्वतःसाठी आणि घरातल्यांसाठी हवी तितक्या वेळा छापा. फाइल दुसऱ्याला पाठवू नका, ग्रुपवर टाकू नका. मैत्रिणीला आवडली तर तिला लिंक द्या. छापलेली पानं विकू नका. क्लास, शाळा, ऑफिससाठी हवी असल्यास आधी विचारा."

फळाखडू:
मग मी आत्ता विचारते. 35 मुलांचे किती?

बिनपगारी:
35 गुणिले 149. हिशोब सरळ आहे.

फळाखडू:
पाच हजारांच्या वर जातंय ते! त्यात मी पट्टी घेऊन स्वतः रकाने आखीन.

अक्षरजुळारी:
डोईगणिक नको, एका वर्गासाठी एकच रक्कम ठेव. किती ते कागदपेनने ठरवावं. आणि झेरॉक्सच्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर फाइल राहून जाते, त्यावर माझ्याकडेही उपाय नाही. "छापल्यावर डिलीट करायला सांगा" एवढं लिहू शकतेस.

कागदपेन:
वर्णन जवळजवळ असंच टाकते. लेटरची फाइल रविवारी. फळाखडू ताई, तुम्हाला व्यनि केलाय, वर्गाच्या किमतीचं बोलू. ज्या सोसायटीत फाइल फिरतेय त्यांना काय लिहायचं हे मात्र अजून सुचत नाहीये, कोणी असा निरोप पाठवला असेल तर सांगा.