धूर आणि डोळ्यांची आग: घरात बसूनही?

सायली, सॅन होजे
मंडळी नमस्कार, वणव्याच्या धुराचा आज चौथा दिवस. खिडक्या बंद, एसी चालू, बाहेर पडले तर एन-९५, आणि तरी माझे डोळे चुरचुरतायत, घशात कुसळ अडकल्यासारखं वाटतंय. लेकीने तर डोळे चोळून चोळून लालभडक केलेत. मास्क लावूनही असं का होतं? आणि शनिवारची लेझीमची प्रॅक्टिस पार्कातच आहे का?

विनय
अगं मास्कबिस्क सोड, ओला रुमाल बांध नाकाला, आमच्या आजीचा उपाय. डोळ्यात गुलाबपाणी दोन थेंब, रात्री मिठाच्या गुळण्या, सकाळपर्यंत साफ!

मंजिरी, फ्रीमॉन्ट
विनय, गुळण्यांचं एकदम बरोबर, ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. पण ओल्या रुमालाने राख अडते, बारीक कण नाही अडत, ते सरळ आत जातात. आणि गुलाबपाणी कृपा करून डोळ्यात नको, ती बाटली निर्जंतुक नसते.

सायली, एन-९५ नाकातोंडाचं बघतो, डोळे उघडेच राहतात ना. शिवाय धुरात कणांबरोबर झोंबणारे वायू असतात, ते या मास्कमधून आरपार जातात. लेन्स वापरत असशील तर धूर असेपर्यंत चष्मा लाव. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले आर्टिफिशियल टिअर्स आण, फ्रीजमध्ये ठेव, गार थेंब घातले की चोळायची इच्छाच जाते. लालपणा घालवणारे ड्रॉप्स घेऊ नकोस, त्यांचा असर उतरला की डोळे पुन्हा जास्त लाल होतात.

पण मला शंका तुझ्या घराचीच येतेय. २०२० च्या ऑगस्टमध्ये, विजा पडून आगी लागल्या तेव्हा, आमच्याकडे गणपती होते. खिडक्या बंद, तरी आरतीनंतर सगळे डोळे पुसतायत. शेल्फवरच्या छोट्या मीटरवर बारीक कणांचा आकडा आधी १८ होता, धूप-कापूर झाल्यावर १९० च्या वर! बाहेरचा धूर राहिला बाजूला, आम्हीच घरात केला होता. तेव्हा उदबत्ती आणि तळण बंद ठेव. स्वयंपाकघरातला हूड हवा बाहेर फेकतो, तेवढीच बाहेरची धुरकट हवा फटींतून आत येते, तो तासभर चालू ठेवू नकोस.

प्रसाद
मलाही सेम होतं पण मार्च-एप्रिलमध्ये, सटासट शिंका आणि डोळ्यांना प्रचंड खाज. अँटीहिस्टामिनने उतरतं, सायलीनेही घेऊन बघावी.

मंजिरी
प्रसाद, खाज आणि शिंका असतील तर ती परागकणांची अॅलर्जी असेल. धुराने बहुधा आग होते, त्यावर त्या गोळीचा फारसा उपयोग नाही, उलट काही गोळ्यांनी डोळे आणखी कोरडे पडतात.

सायली
मंजिरीताई, पकडलंत! हूड रोज फोडणीच्या आधी लावते आणि जेवणं होईपर्यंत विसरते. एसीचं म्हणाल तर थर्मोस्टॅटवर फॅन 'ऑटो'वर होता, म्हणजे घर गार झालं की पंखा बंद आणि फिल्टरही नुसता बसून. आता 'ऑन'वर ठेवलाय. नवऱ्याने बॉक्स फॅनच्या मागच्या बाजूला २० बाय २० इंचाचा मर्व्ह १३ फिल्टर टेपने चिकटवला, पहिल्यांदा बाण उलटा लावला आणि कडेला फटी राहिल्या, कागदाचा कपटा धरला तर तो फटीकडेच ओढला जात होता. फिल्टर सरळ करून सगळीकडून टेप मारल्यावर लेकीच्या खोलीत दार लावून चालवला, सकाळी ती डोळे न चोळता उठली. पण फोडणी हूडशिवाय कशी करायची, गॅस आहे आमच्याकडे?

मंजिरी
गॅस असेल तर हूड पूर्ण बंद नको, शिजवताना लाव आणि झालं की लगेच बंद कर. चार दिवस कुकरचा वरण-भात. फॅन जुना असेल तर रात्रभर, कुणी लक्ष ठेवायला नसताना, चालवू नका, मोटर तापते. आणि डोळा नुसता चुरचुरण्याऐवजी दुखायला लागला, अंधुक दिसलं, उजेड सहन होईना, किंवा लेकीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरकडे जा.

विनय
बरं बाई, रुमाल मागे घेतला. पण प्रॅक्टिस का रद्द करायची, माझ्या फोनवर एक्यूआय ११५ च दाखवतोय, एवढं तर पुण्यात रोज असतं.

केतकी, लेझीम ग्रुप
माझ्याकडे fire.airnow.gov वर पार्काजवळचा सेन्सर १६२ दाखवतोय, तुझा फोन कुठलं स्टेशन बघतोय कोण जाणे. लेझीम खेळताना मुलं तोंडाने धापा टाकतात, १५० च्या वर मी बाहेर घेणार नाही. शनिवारी सकाळी ८ ला परत बघते. कुणाचं मोठं गॅरेज रिकामं आहे का, पण गाडी आणि रंगाचे डबे बाहेर काढून?