शब्दचर्चा : ‘छद्म प्रथम कोटी’ म्हणावं की ‘आभासी’?

गोदाकाठ
नांदेडकडच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या पोरांसाठी प्रॅक्टिकलची पुस्तिका मराठीत करायलोय. क्रिस्टल व्हायोलेट आणि कॉस्टिक सोड्याचा प्रयोग आहे, जांभळा रंग हळूहळू उडतो तो. सोडा रंगाच्या मानानं इतका जास्त घेतो की तो जवळपास कमी होतच नाही, म्हणून अभिक्रिया खरं तर द्वितीय कोटीची असून प्रथम कोटीसारखी वागते. इंग्रजीत स्यूडो फर्स्ट ऑर्डर म्हणतात, मी लिहिलं ‘छद्म प्रथम कोटी’. डिपार्टमेंटच्या मॅडम म्हणाल्या हा हिंदीतून आलेला शब्द आहे, ‘आभासी’ लिहा. आणि पोरांचं वेगळंच, त्यांना ‘छद्म’ म्हणजे खोटं वाटतं, मग आलेला स्थिरांकही खोटाच असं लिहून देतात. दुसरा प्रश्न : जो स्थिरांक थेट आलेखातून मिळतो त्याला k' म्हणतो, आणि k' = k[OH⁻] वरून जो काढतो तो k. ह्या दोघांना मराठीत काय म्हणायचं?

आडवाट
‘आभासी’ नको. लॉकडाऊनपासून आभासी म्हणलं की मोबाईलवरचा तास. पोरं विचारतील सर प्रयोग ऑनलाईन आहे का.

चपळगावकर_नव्हे
छद्म हिंदी कसा? संस्कृत आहे, छद् म्हणजे झाकणं. आपल्याकडं ‘छद्मी हसला’ म्हणतातच की. उलट अडचण अशी की मराठीत छद्मीला कुजकेपणाचा वास आहे. इथं कुणी कुणाला टोमणा मारत नाहीये. माझं मत ‘सोंगी प्रथम कोटी’. सोंग घेतलंय ना तिनं. आणि स्यूडो न् सोंग ह्यांचं मूळ एकच असावं असं मला कधीपासून वाटतं.

आडवाट
सोंग स्वांगपासून आलंय दादा. स्यूडो ग्रीक. एवढ्यात नातं नका जुळवू.

एमएससी_लातूर
शब्दावर कामून एवढा वेळ घालवायलेत? स्यूडो फर्स्ट ऑर्डर लिहा, सगळ्यांना कळतं. नेट-सेटला इंग्रजीच विचारतात. आणि खरा k काढणं तर एका ओळीचं काम आहे, एक रन घ्यायचा, सोडा 10 पट ठेवायचा, ln A विरुद्ध वेळ, उतार काढायचा, सोड्याच्या सांद्रतेनं भागायचं, झालं.

जुना_कायनेटिक्सवाला
लातूरकर, अर्धं बरोबर आहे तुमचं. आधी 10 पटीचं बघू. रंग पूर्ण उडेपर्यंत सोडा दहा टक्के संपलेला असतो, म्हणजे k' शेवटाकडं सुरुवातीपेक्षा दहा टक्क्यांनी कमी. ln A चा आलेख तरीही डोळ्याला सरळच दिसतो, हीच फसगत. सरळ रेघ आली म्हणून जास्तीचा पुरेसा जास्त आहे असं धरू नये. त्यापेक्षा रंगाची सुरुवातीची सांद्रता निम्मी करून परत बघावं, k' तोच आला पाहिजे. नाही आला तर सोडा कमी पडतोय. गोदाकाठ सरांच्या प्रयोगात रंग साधारण 10⁻⁵ मोलर असतो, सोडा 0.02 असला तरी दोन हजार पट, तिथं ही चिंता नाही.
पण एका रननं भागून k काढणं हे मात्र मला पटत नाही. सर, तुमच्या पोरांची रीडिंगं टाका ना, त्यातच दिसंल.

गोदाकाठ
टाकतो सर. मिसळल्यानंतरची सोड्याची सांद्रता 0.02, 0.04, 0.06, 0.08 मोलर. बाटलीवरची नाही, दोन्ही समान मिसळले की निम्मी होते ती. k' अनुक्रमे 0.0030, 0.0054, 0.0076, 0.0095 प्रति सेकंद. कलरीमीटर आहे, 590 च्या आसपासचा फिल्टर, खोलीचं तापमान 25 ला धरून ठेवलं होतं, म्हणजे एसी लावून, कारण आमच्याकडं एप्रिलात तसं केलं नाही तर प्रयोगच दुसरा होतो.

जुना_कायनेटिक्सवाला
आता भागा. 0.150, 0.135, 0.127, 0.119. लातूरकर सांगा, ह्यातला तुमचा k कोणता?

एमएससी_लातूर
सरासरी घेऊ की. 0.13.

जुना_कायनेटिक्सवाला
चार आकडे इकडंतिकडं असते तर सरासरी चालली असती. पण हे एकाच दिशेनं उतरायलेत, मग ते चुकून आलेले नाहीत, काहीतरी आपण मोजायचं राहिलंय. म्हणून k' विरुद्ध सोडा असा दुसरा आलेख काढायचा. त्याचा उतार k, आणि रेघ अक्षाला जिथं कापते तो भाग म्हणजे सोडा नसतानाचा वेग. इथं उतार 0.108 येतो आणि छेद जवळपास 0.00095.
पोरं इथंच थांबतात, आणि लिहितात की पाण्याबरोबरची अभिक्रियाही होते म्हणून छेद आला. मी म्हणतो तपासून बघा ना. 0.00095 खरा असेल तर नुसत्या पाण्यात, एक थेंब सोडा न घालता, रंग साधारण बारा मिनिटांत निम्मा व्हायला पाहिजे. क्रिस्टल व्हायोलेटचं पाणी बारा मिनिटांत निम्मं फिकं पडलेलं कुणी पाहिलंय का?

गोदाकाठ
नाही सर. बाटलीत भरून ठेवलेला रंग दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. पण उलटी अभिक्रिया असेल तर? तिचाही छेदच येतो ना.

जुना_कायनेटिक्सवाला
येतो, चांगला प्रश्न विचारलात. पण मग 0.02 च्या रनमध्ये 0.0030 पैकी 0.00095 उलट्या बाजूचा, म्हणजे शेवटी तीसएक टक्के रंग तसाच राहायला पाहिजे. राहतो का?

गोदाकाठ
नाही, पाण्यासारखं होतं सगळं.

जुना_कायनेटिक्सवाला
मग तो छेद ना पाण्याचा ना उलट्या अभिक्रियेचा. आता तुमच्या आकड्यांतली वाढ बघा, पहिल्या टप्प्याला 0.0024, मग 0.0022, मग 0.0019. रेघ नाहीच ती, वाकतेय. आपण वाकलेल्यावर पट्टी ठेवली आणि तिनं खोटा छेद दिला.
कारण सांगतो. रंगाचा आयन धनभारित, हायड्रॉक्साइड ऋणभारित. द्रावणात आयन जास्त झाले की दोघांभोवती दुसऱ्याच आयनांचं कडं जमतं न् त्यांची एकमेकांची ओढ कमी होते, म्हणजे k स्वतःच घटतो. तुम्ही सोडा वाढवत गेलात तेव्हा आयनही वाढले. एक बदलायचं ठरवलं होतं, दोन बदलले. चार रनमध्ये प्रत्येक वेळी साधं मीठ घालून सोडा अधिक मीठ मिळून 0.1 मोलर ठेवा. 0.02 सोडा तर 0.08 मीठ, 0.08 सोडा तर 0.02 मीठ. मग रेघ सरळ यायला पाहिजे आणि छेद शून्याजवळ.

आडवाट
म्हणजे मग जो k येईल तो ‘खरा’ कसा? मीठ 0.1 चं ठेवलं तर एक, मीठच नसलं तर दुसरा. ‘खरा वेग स्थिरांक’ हा शब्दसुद्धा तपासायला लागेल.

जुना_कायनेटिक्सवाला
हो, तुमचं बरोबर. त्या तापमानाचा, तेवढ्या आयनांचा, त्या द्रावकातला. मी ‘खरा’ न लिहिता ‘द्वितीय कोटीचा वेग स्थिरांक’ लिहीन, आणि k' ला ‘निरीक्षित’. एककातही फरक दिसतो, k' प्रति सेकंद, k प्रति मोलर प्रति सेकंद. पोरानं एकक लिहिलं तर कोणता स्थिरांक आहे ते विचारावं लागत नाही.

चपळगावकर_नव्हे
‘निरीक्षित’ कोण बोलतं हो? ‘दिसलेला’ म्हणा. दिसलेला आणि मूळचा. सरकारी परिभाषेनं मराठीचा पार भुगा केलाय.

एमएससी_लातूर
आणि ‘दिसलेला वेग स्थिरांक’ असं पेपरात लिहिलं तर तपासणारा मार्क देईल का?

बॉयलिंगहाऊस
मधे बोलतो, माफ करा. आमच्याकडं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचं इन्व्हर्जन म्हणतात ते हेच का? साखर अधिक पाणी, पाणी भरपूर. मी काम शिकलो तेव्हा जुन्या केमिस्टनं सांगितलं होतं की पाण्यानं भागलं की खरा आकडा मिळतो, 55.5 नं. मग आमच्या सिरपला पण 55.5 च का?

जुना_कायनेटिक्सवाला
भाऊ, हा प्रयोग तर ह्या शास्त्राच्या मुळाशी आहे, विल्हेल्मीनं 1850 मध्ये साखरेचं इन्व्हर्जन पोलॅरीमीटरवर मोजलं. पण 55.5 हे शुद्ध पाण्याचं. तुमचा रस 15 ब्रिक्सचा, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये 15 ग्रॅम विरघळलेलं, धरला, आणि ती सगळी साखरच धरली, तर एका साखरेमागं पाण्याचे शंभरएक रेणू. सिरप 65 ब्रिक्सचं झालं की साधारण दहाच. तरी सिरपमध्ये थोडीशीच साखर तुटत असल्यानं पाणी फार हलत नाही, रेघ सरळच येईल. मात्र रसावर काढलेला k' सिरपला लावता येणार नाही.
आणि पाण्यानं भागून मिळतं ते काय आहे हे मलाही नीट सांगता येत नाही. क्रिस्टल व्हायोलेटमध्ये सोडा चार प्रकारे बदलून बघता येतो. इथं पाणी बदलायला गेलात तर द्रावकच बदलतो. शिवाय आम्लही त्या k' मध्ये लपलेलं आहे, ते संपत नाही पण वेग ठरवतं. पीएच एकनं उतरला तर वेग दहापटीच्या आसपास वाढतो. म्हणून तर तुम्ही चुना घालता.

बॉयलिंगहाऊस
चुना तर आम्ही रस निवळायला घालतो सर. इन्व्हर्जन थांबतं ते वरचं.

जुना_कायनेटिक्सवाला
दोन्हीसाठी घालता. पण तुमच्या खात्याचं तुम्हाला जास्त माहिती.

आडवाट
बघा, ‘लपलेलं’ आलं की नाही. k' मध्ये सोडा लपलाय, आम्ल लपलंय. झाकणं हा छद्मचा मूळ अर्थच. मग छद्म बरोबर बसतो, खोटं ह्या अर्थानं नाही, झाकलेलं ह्या अर्थानं. पुस्तिकेत एक ओळ टाकून द्या.

चपळगावकर_नव्हे
एक ओळ टाकून शब्दाचा वास जात नसतो. उद्या पोरगं घरी सांगणार, आज आम्ही छद्म अभिक्रिया केली. आई विचारणार कुणाशी.
आणि ‘कोटी’वर कुणी बोलत नाहीये. माझ्या भाच्यानं प्रथम कोटी म्हणजे पहिला एक करोड असं खरंच विचारलं होतं. ‘क्रम’ का नको?

गोदाकाठ
क्रमाचा घोळ असा की पोरं त्याला अभिक्रियेच्या पायऱ्यांचा क्रम समजतात. तूर्त छद्मच ठेवतो, मॅडमशी भांडून. मिठाचा रन सोमवारी लावतो. क्युव्हेटला रंग चिकटून राहतो, तो कशानं धुता तुम्ही लोक?

एमएससी_लातूर
पातळ एचसीएल. मग भरपूर पाणी, नाहीतर उरलेलं आम्ल पुढच्या रनमधला सोडा खाईल.

चपळगावकर_नव्हे
‘क्युव्हेट’ला मराठीत काय म्हणायचं?