बाप मारतो, पण पोरांना दिसायला नको: सातवा सीन कसा लिहू?

आडगावचे गुरुजी
गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेसाठी आठ मिनिटांची फिल्म करतोय, मोबाइलवर. विषय दारू. माणसं गावातलीच. सातव्या सीनमध्ये बाप मोहाची पिऊन येतो, आईला केस धरून ओढतो, काठीनं मारतो. बघणारी पोरं पाचवी ते दहावीची. मारहाण दाखवायची नाही, पण तिचा भार त्यांना जाणवला पाहिजे. कसं लिहू? की दाखवूनच टाकू?

झाडीचा नट
दाखवा ना जी, काहून लपवता? सतरा वर्षं झाली मला झाडीपट्टीत. मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटक चालते, बाया लेकरं मांडीवर घेऊन बसतात. खलनायक नायिकेले फरफटत नेते, लेकरं डोळे फाडून पाहतात. कोणाचं काही बिघडलं नाही. लपवलं तर मागचा प्रेक्षक विचारते, काय झालं बे?

कोरी पाटी
मंचावरचा खलनायक पोरांनी संध्याकाळी तंबूमागं चहा पिताना पाहिलेला असतो. त्याचा हात अंगापासून वीतभर लांब पडतो, आवाज ढोलकीवाला देतो. ते सोंग आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ते झेपतं. कॅमेरा तोंडाजवळ जातो, तिथं ही सोय नाही.

आणि गुरुजी, खरा धोका पोरं घाबरण्याचा नाही, हसण्याचा आहे. झिंगणारा माणूस त्यांनी आजवर विनोदातच पाहिलाय. त्यात तुमचा बाप म्हणजे कुणाचा तरी काका. पहिली चापट वाजली की मागच्या रांगेत खसखस पिकणार. मी एका आश्रमशाळेत हे भोगलंय. त्यानंतर आईचं रडणं कुणाला ऐकूच आलं नाही.

म्हणून कॅमेरा मुलीपाशीच ठेवा. मी असं लिहीन:

रात्र. पडवी. सहावीतली मुलगी धाकट्या भावाकडून तेराचा पाढा म्हणवून घेतेय. आत आई पाट्यावर चटणी वाटतेय, वरवंट्याची लय ऐकू येतेय. बाहेर सायकल स्टँडवर न लागता आडवी पडते. पावलं त्यांच्या मागून आत जातात. दाराची कडी लागते. मुलगी मान वर करत नाही. भावाला म्हणते, "मोठ्यानं म्हण." तो म्हणतो, "तेरा सक अठ्ठ्याहत्तर." आत वरवंटा थांबतो. तोही थांबतो. मुलगी म्हणते, "पुढं?" आतून काहीतरी जड सरकल्याचा आवाज. "पुढं म्हण ना." तो म्हणत नाही. कट.

इथं एकही फटका नाही आणि किंकाळीही नाही. वरवंटा चालू राहायला हवा होता, तो बंद पडला, एवढंच. मात्र हे चालायचं तर दुसऱ्या सीनमध्ये, दिवसाउजेडी, तोच वरवंटा आणि स्टँडवर नीट लागणारी तीच सायकल ऐकू आली पाहिजे. तयारी नसेल तर सातव्या सीनमध्ये पोरांना काहीच कळणार नाही, आणि मग नटभाऊंचा "काय झालं बे" खरा ठरेल.

विदर्भपुत्र
सोपं आहे. रक्त लाल दिसू द्यायचं नसेल तर तेवढा सीन ब्लॅक अँड व्हाइट करा. मोबाइलमध्येच होते.

कोरी पाटी
रक्ताच्या रंगाची अडचण नाहीये हो इथं.

संस्कृतची बाई
भरताच्या नाट्यशास्त्रातच आहे, युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये. म्हणजे न दाखवणं ही आपलीच रीत. मी तर म्हणते, सकाळी उंबऱ्यावर नुसत्या फुटलेल्या बांगड्या दाखवा, पुरे.

कोरी पाटी
बाई, नियम आहे, पण भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन मंचावरच प्राण सोडतो. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त शिकवते. गदायुद्ध आपल्याला दिसत नाही, तीन सैनिक ते पाहतात आणि सांगतात. मांडी मोडलेला दुर्योधन मात्र आपल्यासमोर येतो. घाव लपवला, घावानंतरचा माणूस लपवला नाही. गुरुजींच्या आठव्या सीनला हेच लागतं.

बांगड्या मात्र नकोत. आपल्याकडं फुटलेल्या बांगड्या म्हणजे नवरा गेला. पाचवीची पोरं समजतील, रात्री बाप मेला.

त्यापेक्षा दुसऱ्या सीनमध्ये आई बोअरिंगवरून पाण्याचे दोन गुंड आणताना दिसू द्या, एक डोक्यावर, एक कमरेवर. आठव्यात एकच गुंड, आणि तो मुलगी आणतेय, दोन्ही हातांनी, पाणी सांडत. आई चुलीपाशी पाठमोरी, डाव्या हातानं काड्या सारतेय. बोअरिंगवर कुणी विचारत नाही, मायची तब्येत बरी नाही काय. रांग फक्त मुलीला पुढं जाऊ देते. तो सीन घाईनं संपवू नका, रिकामा गुंड भरेपर्यंत कॅमेरा तिथंच.

झाडीचा नट
रांगेचं पटलं जी. पण पाढ्यात फसाल. आमचा प्रेक्षक गप नाही बसत. पोरगा अडला की अर्धी शाळा ओरडंल, "एक्क्याण्णव!" मग तुमचा भार गेला उडत.

कोरी पाटी
हा मुद्दा मला सुचला नव्हता. ओरडतील, खरंय. मला वाटतं ओरडू द्यावं. त्यांनी उत्तर दिलं तरी पडद्यावरचा पोरगा बोलत नाही, आणि त्यांच्याच आवाजानंतर हॉल गप होतो. पण खात्री देत नाही. आधी पाच-सहा पोरांना दाखवा आणि पडद्याकडं न बघता त्यांच्याकडं बघा. चुळबुळ थांबली तर पोचलं. एकमेकांकडं बघून हसू लागली तर पाढा काढून कविता घाला, जिचा पुढचा शब्द कुणाला येत नाही.

आणखी एक. दिवसा शाळेच्या हॉलमध्ये पुरता अंधार होत नाही, रात्रीचा सीन प्रोजेक्टरवर राखाडी दिसेल. सगळी मदार आवाजावर. लहान स्पीकरवर भिंतीचा धप्प असा जाड आवाज जवळपास नाहीसा होतो, कडी, वरवंटा, सायकल पोचतात. आतले आवाज रेकॉर्ड करताना दार खरंच लावून घ्या आणि मोबाइल बाहेर ठेवा.

आशाताई
मी गावोगाव फिरते. तुम्ही सगळे जणू हे पोरांनी पाहिलंच नाही असं बोलताय. त्या हॉलमध्ये चार-सहा लेकरं अशी असतील जी काल रात्री पडवीतच बसली होती. दाखवलं असतं तर ती दुसऱ्याची माय असती. न दाखवल्यावर आतल्या खोलीत त्यांचीच माय दिसंल. हे जास्त लागते, कमी नाही. म्हणून रांगेतल्या बायांना गप ठेवू नका. एकीनं तरी त्या पोरीसोबत घरी गेलं पाहिजे. शेवटी पाटीवर लेकरांच्या मदतीचा फोन नंबर लिहा, १०९८.

कोरी पाटी
नंबर जरूर लिहा. पण बाई घरी गेली की सुटलो असं पोरांना वाटतं, आणि रांगेची लाज निघून जाते. ती गप्प रांग हीच माझ्या मते या फिल्ममधली सगळ्यात मोठी मारहाण आहे.

आशाताई
ती लाज मोठ्यांची आहे. बघणारे बारा वर्षांचे आहेत. त्यांना घरी परत जायचंय.

आडगावचे गुरुजी
दोन्ही शेवट लिहून पाहतो. सहा पोरांना नुसती पटकथा वाचून दाखवली. वरवंटा थांबला तिथं एकानं एक्क्याण्णव म्हटलं, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. सातवीतली एक मुलगी वाचन संपल्यावरही खालीच बघत होती. आशाताई, तिच्याबद्दल तुम्हाला वेगळा फोन करतो.

शूटिंग रविवारी. गुंड, पाटा-वरवंटा मिळाले. सायकल पाडायला मात्र कुणी देत नाही.